२० मीटरची पट्टी, एक चौरस, एक वर्तुळ: सर्वांत मोठं क्षेत्रफळ आहे की नाहीच?

दादरची_वैशाली

लेक बारावी सायन्सला आहे. कॉलेजच्या चाचणीतला एक प्रश्न आमच्या घरात दोन दिवस गाजतोय, म्हणून इथे टाकते. प्रश्न असा होता:

"२० मीटर लांबीची एलईडी पट्टी दोन भागांत कापून एका भागाचा चौरस आणि दुसऱ्याचं वर्तुळ करायचं आहे. दोन्ही आकृत्यांच्या एकूण क्षेत्रफळाची सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान किंमत काढा."

तिने चौरसाला x मीटर घेतले, उरलेले वर्तुळाला. तिचं उत्तर जसंच्या तसं:

```
A(x)  = x²/16 + (20 - x)²/(4π)
A'(x) = x/8 - (20 - x)/(2π) = 0
x = 80/(π + 4) ≈ 11.20
A''(x) = 1/8 + 1/(2π) > 0
```

म्हणून सर्वांत लहान क्षेत्रफळ सुमारे १४ चौरस मीटर. आणि खाली एक ओळ: "A'' सगळीकडे धन असल्यामुळे सर्वांत मोठी किंमत नाही." या ओळीवर लाल पेनाने "टोकं?" एवढंच लिहून मार्क कापलेत. क्लासचे सर म्हणतात तिचं बरोबर आहे. कॉलेजच्या मॅडम म्हणतात चूक आहे. मी बँकेत नोकरी करते, डेरिव्हेटिव्हशी संबंध सुटून पंचवीस वर्षं झाली. कुणाचं ऐकायचं?

ठाणेकर_इंजिनियर

क्लासच्या सरांचं बरोबर. A' शून्य होतं ती एकच जागा आहे आणि तिथे मिनिमम निघतो. एकच क्रिटिकल पॉइंट असेल आणि तो लोकल मिनिमम असेल तर तोच ॲब्सोल्यूट मिनिमम, विषय संपला. मॅक्झिमम यायला A'' ऋण असावं लागतं, ते इथे कुठेच नाही. आम्ही इंजिनियरिंगची चार वर्षं असंच करत आलो. टोकं तपासणं वगैरे एमसीक्यूमध्ये पर्याय काटायला ठीक आहे.

निवृत्त_मास्तर_विलेपार्ले

ठाणेकर, तुमचं पहिलं वाक्य पक्कं आहे. अखंड इंटरव्हलवर संतत फंक्शनचा एकच क्रिटिकल पॉइंट असेल आणि तिथे लोकल मिनिमम असेल, तर तोच सर्वांत लहान. पण त्यातून मॅक्झिममबद्दल काहीच कळत नाही, आणि पोरीची चूक नेमकी तिथे आहे.

वैशालीताई, A' = 0 ही अट कुठून येते ते आधी पाहू. समजा इंटरव्हलच्या आत एखाद्या जागी फंक्शन सर्वांत मोठं आहे आणि तिथे उतार धन आहे. मग थोडं उजवीकडे सरकलं की किंमत आणखी वाढेल, म्हणजे ती जागा सर्वांत मोठी नव्हतीच. उतार ऋण असेल तर डावीकडे सरकून तेच होईल. म्हणून उतार असलाच तर तो शून्यच असायला हवा. या युक्तिवादात एक गोष्ट गृहीत धरली आहे: दोन्ही बाजूंना सरकायला जागा आहे. टोकावर ती नसते.

आता x = 0 पाहा. म्हणजे सगळी पट्टी वर्तुळाला. तिथे उतार −20/(2π), म्हणजे सुमारे −३.१८. शून्याच्या जवळपाससुद्धा नाही. पण x ला डावीकडे जायला वाटच नाही, कारण उणे लांबीची पट्टी नसते. उजवीकडे गेलं की क्षेत्रफळ घटतं. त्यामुळे त्या टोकाजवळ x = 0 हीच सर्वांत मोठी किंमत, आणि A'' धन असण्याने त्यात काही बिघडत नाही. दुसऱ्या टोकाला, x = 20 ला, उतार +२.५ आहे. तिथेही तोच प्रकार, फक्त उलट्या दिशेने.

मग उरतं काय? तीन आकडे:

```
A(0)     = 400/(4π) ≈ 31.83
A(11.20) ≈ 14.00
A(20)    = 400/16   = 25
```

सर्वांत मोठी ३१.८३, सर्वांत लहान १४. दुसरा डेरिव्हेटिव्ह काढायचीही गरज नाही. बंद इंटरव्हलवर संतत फंक्शनला सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान किंमत असतेच, ही हमी वायरश्ट्रासच्या प्रमेयाने दिलेली आहे. त्या किमती एकतर टोकावर असणार, नाहीतर आतल्या क्रिटिकल पॉइंटवर. तिसरी जागाच नाही. म्हणून मोजक्या जागांच्या किमती काढायच्या आणि शेजारी शेजारी ठेवून बघायच्या. पोरीने जी ओळ लिहिली ती या हमीच्या थेट विरुद्ध जाते, म्हणून मॅडमनी पेन उचललं असणार.

चौकस_माहीम

मास्तर, थांबा. हमी बंद इंटरव्हलला आहे ना? प्रश्नात "दोन भागांत कापून" असं म्हटलंय. x = 0 घेतलं तर पट्टी कापलीच नाही आणि चौरस नावाची गोष्टच उरली नाही. म्हणजे इंटरव्हल उघडा झाला, 0 आणि 20 दोन्ही बाहेर. मग क्षेत्रफळ ३१.८३ च्या हवं तितकं जवळ जातं पण पोचत कधीच नाही. त्या वाचनाने पोरीचं "सर्वांत मोठी किंमत नाही" हे उत्तर बरोबरच आहे!

निवृत्त_मास्तर_विलेपार्ले

उत्तर बरोबर, कारण चूक. तिने लिहिलंय "A'' सगळीकडे धन असल्यामुळे". ते कारण बंद इंटरव्हलवरही तिने तसंच लिहिलं असतं आणि तिथे ते साफ पडलं असतं. "x ला 0 किंवा 20 होता येत नाही, आणि त्या टोकांकडे जाताना A वाढतच जातं, म्हणून सर्वांत मोठी किंमत गाठली जात नाही" असं लिहिलं असतं तर मी स्वतः पूर्ण मार्क दिले असते.

चौकस_माहीम

म्हणजे प्रश्नच धड नाही, हे कबूल करा. "सर्वांत मोठी किंमत काढा" म्हणताना ती आहे असं धरायचं, आणि "कापून" म्हणताना ती घालवायची.

निवृत्त_मास्तर_विलेपार्ले

प्रश्न ढिसाळ आहे, मान्य. पण पेपर काढणाऱ्याने सर्वांत मोठी किंमत मागितली म्हणजे ती असावी अशी त्याची अपेक्षा आहे, आणि ती असायची तर टोकं आत घ्यावीच लागतात. परीक्षेत मी पोरांना सांगायचो, पहिल्या ओळीत 0 ≤ x ≤ 20 असं स्वतःच लिहा. मग भांडण तुमच्या गृहीतकाशी होतं, उत्तराशी होत नाही.

चौकस_माहीम

मला हे पटत नाही. पेपर काढणाऱ्याच्या मनातलं ओळखणं हे गणित नव्हे. पण सोडा.

हवामानवेडा

धाग्याचं नाव नीट न वाचता आलो. मुखपृष्ठावर "सर्वांत मोठं" एवढंच दिसलं आणि मला वाटलं कमाल-किमान तापमानाचा विषय आहे. 😄 आलोच आहे तर लिहितो, कारण टोकाची ही भानगड आमच्याकडेही होते.

कुलाबा आणि सांताक्रूझ वेधशाळांचे आकडे आपण रोज पेपरात वाचतो. किमान तापमान हे सकाळी साडेआठला संपणाऱ्या चोवीस तासांचं असतं. जुन्या पद्धतीच्या किमान तापमापकात अल्कोहोल असतं आणि आत एक बारीक काडी. तापमान उतरलं की काडी मागे सरकते, चढलं की जागेवर राहते. वाचन झालं की साडेआठला काडी पुन्हा त्या क्षणाच्या तापमानावर आणून ठेवतात, आणि तिथून पुढचे चोवीस तास सुरू होतात.

आता समजा एका थंड सकाळी साडेआठला १७ अंश होते, आणि पुढच्या रात्री वारा फिरला म्हणून पहाटेचं सर्वांत कमी तापमान १८ च्या खाली गेलंच नाही. दुसऱ्या दिवशी काडी १७ च दाखवणार! किमान तापमान आलं ते चोवीस तासांच्या सुरुवातीच्या टोकाला, जेव्हा तापमान चढत होतं. पहाटेचा तळ, म्हणजे तुमच्या भाषेत उतार शून्य असलेली जागा, १८ ला होता आणि तो हरला. लोक म्हणतात "काल पहाटे एवढी थंडी नव्हतीच". खरंच नव्हती.

निवृत्त_मास्तर_विलेपार्ले

वाट चुकून आलात ते बरं झालं. वर्गात हे उदाहरण माझ्याकडे असायला हवं होतं.

ठाणेकर_इंजिनियर

बरं, टोकं तपासायची हे मान्य. म्हणजे कृती अशी झाली: A' = 0 सोडवा, मिळालेले x आणि दोन टोकं यांच्या किमती काढा, सर्वांत मोठी आणि लहान निवडा. एवढंच ना?

निवृत्त_मास्तर_विलेपार्ले

जवळजवळ. एक भोक राहिलं. हे करून बघा, −१ ते ४ या बंद इंटरव्हलवर:

```
g(x) = ∛(x²) · (x - 5)
```

ठाणेकर_इंजिनियर

लोकलमध्ये बसून केलं, चूकभूल देणे घेणे. गुणाकार मोडून डेरिव्हेटिव्ह काढला:

```
g'(x) = 5(x - 2) / (3·∛x)
```

शून्य होतो x = 2 ला. किमती: g(2) ≈ −४.७६, g(−1) = −६, g(4) ≈ −२.५२. म्हणून सर्वांत लहान −६, डाव्या टोकाला. सर्वांत मोठी −२.५२, उजव्या टोकाला. दोन्ही टोकांवरच आल्या. तुमचा मुद्दा पोचला.

गिरगावकर_बंड्या

मास्तरांनी लिहिलेल्या पट्टीच्या आकड्यांवर माझा एक खरा प्रश्न आहे, परीक्षेचा नाही. आमच्या मंडळाच्या दर्शनी भागाला एलईडी पट्टीचा एक चौरस आणि वर एक गोल चक्र करायचं ठरलंय. पाच मीटरची चार रिळं घेऊन ठेवलीत, म्हणजे बरोबर २० मीटर, आणि सगळी लावायची. मागे कापड ताणायचं आहे, त्यामुळे क्षेत्रफळ जितकं कमी तितका खर्च कमी. म्हणजे ११.२० मीटरचा चौरस करायचा, बरोबर? पण मूर्ती साडेनऊ फुटांची आहे, चौरसाची बाजू ३ मीटरपेक्षा कमी चालणार नाही.

निवृत्त_मास्तर_विलेपार्ले

मग ११.२० तुम्हाला उपयोगाचं नाही. बाजू किमान ३ मीटर म्हणजे चौरसाला किमान १२ मीटर पट्टी. तुमचा इंटरव्हल १२ ते २० झाला आणि ११.२० त्याच्या बाहेर पडला. बाहेरच्या क्रिटिकल पॉइंटला या स्पर्धेत प्रवेशच नाही, त्याची किंमत काढायचीही नाही. आत उतार शून्य होणारी दुसरी जागा नाही, म्हणजे फक्त टोकं उरली:

```
A(12) = 9 + 64/(4π) ≈ 14.09
A(20) = 25
```

१२ मीटरचा चौरस, ८ मीटरचं चक्र. चक्राचा व्यास सुमारे अडीच मीटर येईल. कापड १४.०९ चौरस मीटर लागेल, म्हणजे दीडशे चौरस फुटांच्या थोडं वर. ११.२० ला १४.०० लागलं असतं, त्यामुळे मूर्तीपायी तुमचं नुकसान नगण्य आहे. पण विद्यार्थी हा इंटरव्हल दिलेला असतानाही ११.२० च लिहून येतात, कारण समीकरण सुटलं की इंटरव्हलकडे परत बघायचं राहून जातं.

गिरगावकर_बंड्या

धन्यवाद मास्तर. दर्शनाला या. चक्र तयार झालं की फोटो टाकतो.

कोडकरी_मुलुंड

एक खुसपट. एलईडी पट्टी हवी तिथे कापता येत नाही. साध्या १२ व्होल्टच्या पट्टीवर दर तीन एलईडींनंतर कापायची खूण असते. मीटरला ६० एलईडी असतील तर खुणा ५ सेंटिमीटरवर. म्हणजे x ला सलग किमती घेताच येत नाहीत, आणि ज्याला सलग किमती नाहीत त्याचा डेरिव्हेटिव्ह कसला?

निवृत्त_मास्तर_विलेपार्ले

खुसपट रास्त आहे. सलग x धरून उत्तर काढायचं आणि मग त्याच्या दोन्ही बाजूंच्या खुणांवर किंमत तपासायची. इथे A हा एकच तळ असलेला पॅराबोला आहे, त्यामुळे जवळची खूण ती बरोबर: ११.२० हीच खूण आहे. पण फंक्शन वरखाली होणारं असेल तर शेजारच्या खुणा बघून भागत नाही. तेव्हा सगळ्या खुणांच्या किमती काढाव्यात. ४०१ आकडे तुमच्या संगणकाला काहीच नाहीत.

कोडकरी_मुलुंड

मग तसंच करायचं ना नेहमी? सलग असेल तरी बारीक जाळी टाका, सगळ्या किमती काढा, मोठी-लहान निवडा. डेरिव्हेटिव्हची कटकट नाही. ठाणेकरांच्या g वर केलं आत्ता, ०.०१ च्या पावलाने. पण माझं उत्तर त्यांच्याशी जुळत नाहीये. सर्वांत मोठी किंमत मला शून्य मिळाली, x = 0 ला. सर्वांत लहान −६, ती जुळते.

ठाणेकर_इंजिनियर

शून्य? x = 0 ला g' शून्य नाहीये. तिथे तर भाजकात शून्य येतंय.

दादरची_वैशाली

आईच्या आयडीवरून मी लिहितेय, लेक. 🙂 x = 0 ला डेरिव्हेटिव्ह अस्तित्वातच नाही, म्हणून ठाणेकर काकांच्या यादीत तो आला नाही. पण g स्वतः तिथे आहे, g(0) = 0, आणि फंक्शन तिथे तुटतही नाही. मी बाजूंच्या किमती काढून पाहिल्या. x = 0.1 ला सुमारे −१.०६ येतं. हेच −२.५२ पेक्षा मोठं आहे, म्हणजे −२.५२ सर्वांत मोठी असूच शकत नाही. अजून सोपं म्हणजे ∛(x²) कधीच ऋण नसतं आणि या इंटरव्हलवर x − 5 कायम ऋण असतं. म्हणून g शून्याच्या वर जाऊच शकत नाही, आणि x = 0 ला बरोबर शून्य होतं. म्हणजे सर्वांत मोठी किंमत ०.

क्रिटिकल पॉइंट म्हणजे डेरिव्हेटिव्ह शून्य असलेले आणि डेरिव्हेटिव्ह नसलेले, दोन्ही, असं मॅडमनी वर्गात सांगितलं होतं. पण क्लासमध्ये सगळी गणितं पॉलिनॉमियलची असतात, तिथे दुसरा प्रकार कधी येतच नाही.

निवृत्त_मास्तर_विलेपार्ले

शाब्बास! हेच ते भोक. उतार शून्यच असायला हवा हा माझा वरचा युक्तिवाद "उतार असलाच तर" या अटीवर होता. x = 0 ला आलेख टोकदार आहे. डावीकडून चढत येतो, उजवीकडे कोसळतो, आणि टोकावर स्पर्शिका उभी होते. तेव्हा g' काढला की अंश शून्य कुठे होतो हे बघायचं आणि भाजक कुठे होतो हेही बघायचं. मग यादी चार जागांची होते: −१, ०, २, ४. किमती −६, ०, −४.७६, −२.५२.

आणि तू केलंस तसं मधलीच एखादी किंमत काढून पाहणं, ही परीक्षेत अर्ध्या मिनिटाची तपासणी आहे. यादीतल्या सर्वांत मोठ्या आकड्यापेक्षा मोठा आकडा एखाद्या भलत्याच जागी सापडला, तर यादीत काहीतरी राहिलंय.

कोडकरी_मुलुंड

म्हणजे जाळी जिंकली. 😎

निवृत्त_मास्तर_विलेपार्ले

या वेळी, कारण तुमच्या जाळीत x = 0 नेमका बसला. पावलं अशी पडली असती की ०.००५ च्या अलीकडची जागाच नाही, तर तुम्हाला सर्वांत मोठी किंमत सुमारे −०.१५ दिसली असती. टोकदार जागेजवळ फंक्शन इतकं झपाट्याने पडतं की ०.००५ च्या चुकीलाही एवढी किंमत मोजावी लागते. पट्टीच्या A सारख्या गुळगुळीत तळाशी तेवढीच चूक चौथ्या-पाचव्या दशांशातही दिसत नाही. जाळी वापरा, पण कुठे जपून वापरायची ते डेरिव्हेटिव्हच सांगतो.

हवामानवेडा

मग पायरीसारख्या फंक्शनचं काय? रिक्षाचं मीटर ठरावीक अंतराने एकदम उडी मारतं, मधे सपाट. तिथे सगळीकडे डेरिव्हेटिव्ह शून्य, आणि उडीवर नाही.

निवृत्त_मास्तर_विलेपार्ले

तिथे हमीच उरत नाही, कारण फंक्शन संतत नाही. मीटरच्या भाड्याला मोजक्याच किमती असतात म्हणून मोठी-लहान मिळते. पण "भाडे भागिले अंतर", म्हणजे दर किलोमीटरचा खर्च, घेऊन बघा. सपाट भागात तो घटत जातो, आणि उडीच्या जागी एकदम चढतो. उडीच्या नेमक्या बिंदूवर जुनं भाडं धरायचं की नवं, यावर सर्वांत लहान किंमत गाठली जाते की नुसती जवळ जाते हे ठरतं.

चौकस_माहीम

बघा, पुन्हा तेच! टोक आत की बाहेर. पट्टीच्या प्रश्नात ते मॅडमनी ठरवायचं, इथे मीटर बनवणाऱ्याने.

दादरची_वैशाली

आता मी, आई. लेकीने उद्या मॅडमना दोन्ही गोष्टी दाखवायचं ठरवलंय: 0 ≤ x ≤ 20 धरून ३१.८३, आणि चौकस यांच्या वाचनाने "गाठली जात नाही" हे योग्य कारणासकट. मार्क मिळतील का माहीत नाही. क्लासच्या सरांना g चं गणित पाठवलंय, अजून निळी टिक आलेली नाही.

ठाणेकर_इंजिनियर

त्यांनाही −२.५२ आलं तर इथे कळवा.